सरळ लोंबणारा टाय: उरेब कापण्यापासून शेवटच्या हातटाक्यापर्यंत

घरी शिवलेला टाय बहुतेक वेळा दिसायला ठीक असतो. गाठ मारून आरशासमोर उभं राहिलं की मात्र त्याचं टोक हळूहळू एका बाजूला वळतं आणि मागची शिवण पुढे डोकावू लागते. इस्त्री करून तो तासभर सरळ राहतो, मग पुन्हा पीळ. असं झालं की दोष शिलाईवर ढकलला जातो, पण ती चूक बऱ्याचदा कात्री लावण्याआधीच झालेली असते. उरलेल्या वेळा शेवटच्या हातशिलाईचा दोरा घट्ट ओढलेला असतो. या लेखात भर या दोन टोकांवर आहे, मधलं काम त्यामानाने सोपं.

उदाहरणासाठी एकच टाय धरू: तयार लांबी १४८ सेंमी, पुढच्या पात्याची रुंदी ८ सेंमी, शेपटीची ५ आणि मानेची ४. कापड साध्या किंवा ट्विल विणीचं रेशीम.

## १. सामान

कापड ४४ इंची पन्ह्याचं १ मीटर घ्या. एका टायला ते जास्त वाटेल, पण उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकं, कापताना तुकडे कर्णावर मांडावे लागतात आणि कोपरे वाया जातात. नक्षी किंवा पट्टे जुळवायचे नसतील तर यात दोन टायही बसतात.

खरी अडचण आतल्या थराची, म्हणजे इंटरलायनिंगची. दुकानात 'टायसाठी आत घालायला काहीतरी द्या' म्हटलं की बकरम किंवा इस्त्रीने चिकटणारं फ्यूजिंग हातात पडतं. दोन्ही नको. फ्यूजिंग चिकटलं की उरेब कापडाची लवचीकता संपली. गाठ सोडल्यावर टाय पूर्ववत होत नाही आणि चुण्या कायम राहतात. हवं ते विणलेलं, मऊ, थोडं लवदार कापड: लोकरीचं किंवा लोकर-मिश्र टाय इंटरलायनिंग. ते मिळालं नाही तर पातळ लोकरी फ्लॅनेल चालतं. सुती फ्लॅनेल वापरायचं असेल तर आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. तेही १ मीटर लागेल.

जाडी हाताने ठरवा. कापडाची घडी इंटरलायनिंगच्या तुकड्याभोवती घालून चिमटीत धरा. कडा गोलसर राहून दाबल्यावर परत फुगली तर जोडी जमली. कापड जितकं पातळ, तितका आतला थर जाड.

टोकांच्या अस्तरासाठी त्याच कापडाचे उरलेले तुकडे किंवा पातळ रेशीम चालेल. बाकी लागेल ते असं: रेशमी दोरा, लांब बारीक सुई, बारीक टाचण्या, पातळ खडू, मोठा काटकोन्या आणि पुठ्ठा.

जुन्या रेशमी साडीचा टाय करणाऱ्यांनी कापड उजेडासमोर धरून बघावं. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेली साडी त्या घडीवर विरलेली असते, आणि टायचा सगळा ताण गाठीच्या जागी येतो. जरीचा काठ टायच्या मधोमध घ्यायचा मोहही टाळा. काठाची वीण अंगापेक्षा वेगळी, त्यामुळे तो भाग वेगळा ताणला जातो आणि पीळ तिथूनच सुरू होतो.

## २. कापडाचे धागे सरळ करणं

उरेब म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्यांच्या बरोबर मधली, ४५ अंशांची रेषा. पण हे ४५ अंश धाग्यांपासून मोजायचे असतात. दुकानात फाडलेली किंवा कात्रीने कापलेली कडा आडव्या धाग्याशी समांतर असेलच असं नाही.

म्हणून आधी किनारीजवळ लहानशी चीर द्या, एक आडवा धागा पकडून हळूच ओढा आणि त्याने पडलेल्या रेषेवर कापा. दुसऱ्या टोकालाही तेच. आता कापड टेबलावर पसरून काटकोन्या लावा. किनार आणि धाग्यावर कापलेली कडा यांत काटकोन हवा. नसेल तर कापड तिरकं ओढलं गेलेलं आहे. आखूड पडणाऱ्या कर्णाची दोन टोकं दोघांनी धरून हलकेच ताणा, वाफ द्या, सपाट ठेवून पूर्ण गार होऊ द्या आणि पुन्हा मोजा.

थांबा: दोनदा करूनही काटकोन येत नसेल, तर त्या कापडाचा टाय करू नका. छापील कापडात नक्षी सरळ दिसते आणि खालचे धागे तिरके असतात. अशा वेळी नक्षी सांभाळली तर पीळ पडतो आणि धागा सांभाळला तर नक्षी वाकडी दिसते.

## ३. नमुना काढणं

नमुना पुठ्ठ्यावर काढा. कागद उरेब कापडावर सरकतो. रुंदीचा हिशोब सोपा आहे. कोणत्याही जागी कापायची रुंदी म्हणजे तयार रुंदीची दुप्पट अधिक २ सेंमी. पुढचं पातं ८ सेंमी म्हणजे कापायचं १८, शेपटी १२, मान १०. जादा २ सेंमींपैकी एका कडेचा १ सेंमी आत दुमडला जातो आणि दुसऱ्या कडेचा १ सेंमी त्याच्या खाली जातो.

लांबी मधल्या रेषेवर मोजायची:

- पुढचं पातं: तयार ७६ सेंमी, कापायचं ७९.५
- मान: तयार ३०, कापायची ३२.८
- शेपटी: तयार ४२, कापायची ४५.५

हे दशांश तिरप्या शिवणीमुळे येतात. शिवणीसाठी माया १ सेंमीच आहे, पण शिवण ४५ अंशांत असल्यामुळे टायच्या लांबीच्या दिशेने ती १.४ सेंमी भरते. टोकाला १.५ सेंमी माया धरली आहे, ती लांबीवर २.१ भरते. तुकड्यांच्या या लांब्यांमुळे दोन्ही जोड गळ्याभोवती, कॉलरखाली येतात.

पुढचं पातं टोकाकडे १८ आणि मानेकडे १० सेंमी. शेपटी १२ वरून १० वर येते. मान सरळ १० सेंमीची पट्टी. दोन्ही टोकं ९० अंशांची काढा. मानेकडचे सगळे जोड ४५ अंशांत आणि सगळे एकाच दिशेने कललेले असू द्या. पुठ्ठ्यावर मधली रेषा ठळक काढा आणि टोकाजवळ एक खिडकी कापून ठेवा, म्हणजे तिच्यातून खालचे धागे दिसतील.

## ४. मांडणी आणि कापणी

कापड एकेरी पसरा, दुहेरी नको. दुहेरीत खालचा थर मिलिमीटरभर सरकतो आणि ते वरून कळत नाही. शिवाय घडी घातलेल्या कापडात खालच्या तुकड्याची उरेब उलट दिशेची होते.

आडवी कडा किनारीवर आणून कापडाची त्रिकोणी घडी घाला. घडीची रेषा हीच उरेब. ती खडूने आखून घडी उघडा. पुठ्ठ्याची मधली रेषा या रेषेवर किंवा तिच्याशी समांतर ठेवा. पुढचं पातं आणि मान एकाच पट्ट्यात एकापुढे एक बसतात, शेपटी शेजारच्या पट्ट्यात.

तिन्ही तुकडे एकाच कर्णाशी समांतर हवेत. कापड वाचवण्यासाठी शेपटी दुसऱ्या कर्णावर फिरवून ठेवणं ही फार आढळणारी चूक आहे. ट्विलच्या विणीत स्वतःचीच तिरपी रेघ असते. एका कर्णावर टाय त्या रेघेच्या दिशेने जातो, दुसऱ्यावर तिला छेदून, आणि दोन्हीकडे कापड वेगवेगळं ताणलं जातं. पट्टेदार कापडात तर पट्ट्यांची दिशाच उलटते.

तपासा: पुठ्ठ्याच्या खिडकीतून बघा. टोकाची एक तिरपी कडा उभ्या धाग्याशी आणि दुसरी आडव्या धाग्याशी तंतोतंत समांतर असली पाहिजे. टोक ९० अंशांचं ठेवण्याचा हा खरा फायदा आहे: उरेब चुकली तर टोकच सांगतं. कडेवर एकही धागा अर्धवट तुटून बाहेर येत असेल तर मांडणी हलवा.

कापताना कापड उचलू नका. एका हाताचा तळवा पुठ्ठ्यावर दाबून ठेवा आणि कात्रीचं खालचं पातं टेबलावरून सरकवत न्या. कापलेले तुकडे आडवेच ठेवा. खुर्चीच्या पाठीवर टाकलेला उरेब तुकडा स्वतःच्या वजनानेच लांबतो.

## ५. तीन तुकड्यांचे जोड

जोड ४५ अंशांत असल्यामुळे तो सरळ धाग्यावर येतो आणि शिवताना ताणला जात नाही. सुलट बाजू समोरासमोर ठेवा आणि दोन तुकडे एकमेकांना काटकोनात येऊ द्या. कापलेली टोकं दोन्हीकडे थोडी बाहेर राहतील आणि तशीच राहायला हवीत. लांब कडा शिवणीच्या रेषेवर जुळायला हव्यात. कापलेल्या कडेवर जुळवल्या तर उघडल्यावर टायच्या कडेला पायरी पडते.

बारीक टाक्याची सरळ टीप मारा. माया दोन्हीकडे उघडून नुसती वाफ द्या आणि बाहेर आलेले कान कापा. मग जोडलेला पट्टा टेबलावर सरळ आखलेल्या रेषेवर ठेवा. मधली रेषा तिन्ही तुकड्यांतून न मोडता गेली पाहिजे. जोडापाशी ती २ मिमी जरी वाकली तरी उसवा. पुढे हा वाक कशानेही निघत नाही.

## ६. टोकांचं अस्तर

अस्तरही त्याच दिशेने उरेब कापायचं. सरळ धाग्यावर कापलेलं अस्तर ताणलं जात नाही आणि टोकाला कागदासारखी चुणी पडते. पुढच्या पात्यासाठी १६ सेंमी आणि शेपटीसाठी १२ सेंमी लांब तुकडा पुरतो. त्याच्या टोकाच्या दोन्ही तिरप्या कडा कापडापेक्षा १ सेंमी आत घ्या. या फरकामुळेच कापड अर्धा सेंमी मागे वळतं आणि अस्तर पुढून दिसत नाही.

टोकाचा कोपरा असा होतो:

१. पात्याचं टोक मधल्या रेषेवर, सुलट बाजू आत ठेवून दुमडा. दोन्ही तिरप्या कडा एकमेकींवर येतील.

२. टोकापासून घडीवर २.१ सेंमी मोजून खूण करा. तयार टायचं टोक इथे येणार.

३. या खुणेपासून घडीला काटकोनात टीप मारा आणि तिरप्या कडेच्या १ सेंमी अलीकडे थांबा. टीप जेमतेम ७ मिमीची होईल. दोन्ही टोकांना पक्की करा आणि बाहेरचा कोपरा ४ मिमी ठेवून कापा.

४. कोपरा उलटवा. आता अस्तराची एक तिरपी कडा कापडाच्या तिरप्या कडेशी जुळवा, सुलट बाजू समोरासमोर. बाहेरून कोपऱ्याकडे शिवत या आणि त्या ७ मिमी टिपेच्या शेवटावर नेमकं थांबा. सुई उचला आणि दुसरी कडा पुन्हा बाहेरून कोपऱ्यापर्यंत शिवा.

एका दमात कोपरा वळवून दोन्ही कडा शिवू नका. कापडाचा जादा भाग सुईखाली सापडतो आणि टोक बोथट होतं. उलटवल्यावर कोपरा कात्रीच्या टोकाने ढोसायचा नाही, सुईने बाहेरून हलकेच ओढून काढायचा.

## ७. इंटरलायनिंग

हाही थर ४५ अंशांतच हवा. कापड उरेब आणि आतला थर सरळ असेल, तर गाठ ओढली की बाहेरचा थर लांबतो, आतला लांबत नाही, आणि टाय आतून मुरगळतो. आतलं काही दिसत नाही म्हणून इथे कापड वाचवलं जातं, आणि तिथेच घोटाळा होतो.

एका मीटरमध्ये ४५ अंशांत इतकी लांब पट्टी बसत नाही, त्यामुळे जोड द्यावा लागतो. तो मानेच्या भागात, कापडाच्या जोडांपासून ४-५ सेंमी दूर द्या. दोन्ही कडा तिरप्या कापून १.५ सेंमी एकावर एक ठेवा आणि झिगझॅग मारा. शिवण उघडून जाडी वाढवू नका.

रुंदी तयार टायपेक्षा ३ मिमी कमी ठेवा: ८ च्या जागी ७.७, कारण घडीत कापडाची जाडी खर्ची पडते. टोकं ९० अंशांची. पट्टी कापून झाली की एका टोकाला धरून लोंबकळत सोडा. ती इथेच फिरत असेल तर तिची उरेब चुकली आहे. अशी पट्टी टायमध्ये घालू नका.

## ८. घडी

कापड उलट बाजू वर करून टेबलावर पसरा. इंटरलायनिंगची मधली रेषा कापडाच्या मधल्या रेषेवर ठेवा आणि दोन्ही टोकं अस्तराच्या खाली कोपऱ्यापर्यंत सारा. इथे काहीच ओढायचं नाही, फक्त ठेवायचं आणि तळव्याने सपाट करायचं.

आधी डावी बाजू इंटरलायनिंगच्या कडेवरून आत आणा. ती मध्याच्या १ सेंमी पुढे जाईल. मग उजव्या कडेचा १ सेंमी आत दुमडून ती बाजू वर आणा. दुमडलेली कडा बरोबर मध्यावर यायला हवी. मानेकडून सुरुवात करा आणि दोन्ही टोकांकडे जात दर ६-७ सेंमीवर टाचणी लावा. टोकाकडून सुरुवात केली तर उरलेली तफावत मानेत साठते आणि तिथे कापड वळतं.

टाचण्यांवर विसंबू नका, मोठ्या धावदोऱ्याने कच्चं करा. मग टाय उलटून पुढून बघा: आतल्या थराची कडा सगळीकडे घडीला टेकलेली आहे का? बोटांना मध्ये पोकळी लागली तर तेवढा भाग उसवून पुन्हा घडी घाला.

इस्त्री टेकवायची नाही. ती २-३ सेंमी उंच धरून वाफ द्या, तळव्याने थोपटा आणि गार होईपर्यंत हलवू नका. कडा गोल राहिली पाहिजे. धारदार घडी पडली की टाय पुठ्ठ्यासारखा दिसतो. शिवाय लांबीच्या दिशेने फिरवलेली इस्त्री उरेब कापड ओढून नेते.

## ९. मागची शिवण

पुढच्या टोकापासून १३ सेंमीवर आणि शेपटीच्या टोकापासून ९ सेंमीवर आडवा पक्का टाका घाला: एकाच जागी चार-पाच दोरे आणि त्यांच्यावरून गुंडाळी. तो मागच्या दोन बाजू आणि इंटरलायनिंग पकडेल, पुढच्या थरापर्यंत जाता कामा नये.

यांच्यामधली १२६ सेंमी शिवण एकाच अखंड दोऱ्याने करायची. दोरा १८० सेंमी, एकेरी. इतका लांब दोरा गुंतत असेल तर मानेच्या मध्यापासून सुरुवात करा, अर्धा दोरा मागे सोडा, एका टोकापर्यंत जा, मग उरलेल्या अर्ध्यात सुई ओवून दुसरीकडे जा. मध्ये गाठ नको, उलटा टाकाही नको.

टाका असा: वरच्या बाजूच्या दुमडीच्या आतून सुई ८ ते १० मिमी न्या आणि बाहेर काढा. तिथेच खालच्या बाजूचे दोन-तीन धागे आणि इंटरलायनिंगचा वरचा पापुद्रा उचला, मग परत दुमडीत शिरा. इंटरलायनिंग पकडलं नाही तर ते आत गोल फिरतं. जास्त पकडलं तर टाका पुढून खळगी दाखवतो, म्हणून दर चार टाक्यांनी टाय उलटून पुढची बाजू बघा.

दोरा फक्त सपाट बसेपर्यंत ओढायचा. शर्टाच्या तुरपाईची सवय असलेला हात इथे हमखास घट्ट ओढतो. टाय गाठीत लांबतो आणि सुटल्यावर आखडतो. त्या हालचालीला दोऱ्याने वाट द्यायला हवी. म्हणून दोन्ही शेवटांना पक्क्या टाक्याआधी २-३ सेंमीचा सैल फास सोडा, मग दोरा मायेत बांधा आणि फास घडीच्या आत सारा. चांगल्या टायच्या आत डोकावलं की हा फास दिसतो. तो निसटलेला दोरा समजून कापू नका.

तपासा: कच्चा दोरा काढा. दोन्ही टोकं धरून टाय हळू ताणा. तो दीड-दोन सेंमी लांबला पाहिजे आणि फास आत ओढला गेलेला दिसला पाहिजे. सोडल्यावर हाताने निरपला की तो पुन्हा सपाट व्हावा. ताणताना 'कट्' आवाज आला तर दोरा घट्ट होता आणि आता तुटला आहे.

मागचा पट्टा, ज्यात शेपटी अडकवतात, तो शेवटी लावा. त्याची दोन्ही टोकं मागच्या थरालाच शिवा आणि पट्टा २-३ मिमी सैल ठेवा. त्याचा टाका मागच्या शिवणीच्या दोऱ्यावरून गेला तर दोरा तिथेच अडकतो आणि फास सोडल्याचा उपयोग राहत नाही.

## १०. पीळ पडलाच तर दोष कुठे आहे

टाय मानेच्या मध्यावर बोटावर टाका आणि दोन्ही बाजू मोकळ्या लोंबू द्या. मिनिटभर थांबा.

टोक वळलं तर एका शेवटचा फास बांधलेली गाठ सोडा आणि दोरा संपूर्ण लांबीवर सैल करून पुन्हा लोंबवा. पीळ गेला तर दोष दोऱ्याचा होता. शिवण सैल हाताने परत करा आणि काम संपलं. पीळ कमी झाला पण उरला, तर मागची शिवण उसवून इंटरलायनिंग बाहेर काढा आणि दोन्ही थर वेगवेगळे लोंबवून बघा. फिरतो तो थर दोषी. इंटरलायनिंग असेल तर नवं कापून तोच टाय वाचतो.

फिरणारा थर बाहेरचा असेल तर टोकाच्या कडेवरचे धागे बघा. ते कडेला सोडून तिरके निघालेले दिसतील. फक्त पुढचं पातं चुकलेलं असेल आणि कापड उरलं असेल तर तेवढं नव्याने कापून जोडता येतं. तिन्ही तुकडे एकाच चुकलेल्या रेषेवर कापलेले असतील तर वाफ आणि इस्त्री वाया घालवू नका. त्या कापडातून टोकांच्या अस्तराचे तुकडे निघतात, पण तेही धागा तपासून, नव्याने ४५ अंशांत कापावे लागतील.